तोरणमाळचं शिबिर आणि एक लाखाची पॉलिसी

*मी भुसावळला योगवर्ग चालवते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तोरणमाळला ५ दिवस, ४ रात्रींचं निवासी शिबिर घेतेय. ३० जण, फी ७,५००. दोघांत एक अशा १५ खोल्या, रात्रीला १,५०० प्रमाणे ९०,०००. बाहेरून दोन शिक्षिका ३०,०००. जेवण माणशी रोज २५०, म्हणजे ३७,५००. भुसावळहून बस ३०,०००. खर्च १,८७,५००, उरतील ३७,५००. २२ जणांनी पूर्ण फी भरली आहे. खोल्यांना ४०,००० आगाऊ दिलेत. बाकीचे पैसे पडून राहू नयेत म्हणून बँकेतल्या ओळखीच्या साहेबांच्या सांगण्यावरून १ लाख त्यांच्या योजनेत टाकलेत. वर्षाला १ लाख, ५ वर्षं भरायचे; १२ ते १५ टक्के मिळतील म्हणाले. युलिप असं काहीतरी नाव आहे, कागद १२ दिवसांपूर्वी टपालाने आले. माझा प्रश्न एवढाच, की कोणी नाव मागे घेतलं तर फी परत द्यावी का? पत्रकावर 'फी परत मिळणार नाही' असं छापलं तर चालेल ना? — एक वाचक, भुसावळ*

ताई, फी परतीचं नंतर बघू. आधी ते टपालाने आलेलं पाकीट काढा.

साहेबांनी तुम्हाला विमा पॉलिसी विकली आहे. युलिप म्हणजे बाजाराशी जोडलेला विमा. त्यातले पैसे ५ वर्षं काढता येत नाहीत आणि पुढची चार वर्षं दरवर्षी आणखी एक लाख भरायचं तुम्ही कबूल करून बसला आहात. वर्षभराने हप्ता चुकला तर पॉलिसी बंद पडते, काही हजारांचं शुल्क कापलं जातं आणि उरलेली रक्कम वेगळ्या फंडात जाऊन पाच वर्षं पूर्ण झाल्यावर हातात येते. १२ ते १५ टक्क्यांचं म्हणाल तर पाकिटातला फायद्याचा तक्ता बघा. त्यात ४ आणि ८ टक्के असे दोनच दर दिसतील, आणि त्यांचीही हमी नसते. बाकीचे टक्के साहेबांच्या तोंडचे आहेत, त्यावर कुणाची सही नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर पैसे पडून राहू नयेत म्हणून. १ लाख ६५ हजार तीन महिने साध्या मुदत ठेवीत ठेवले असते तर दोन-अडीच हजार व्याज आलं असतं. तेवढाच काय तो प्रश्न होता.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. तुमचे १२ गेले. ईमेलवर आधीच आली असेल तर त्या तारखेपासून मोजा, म्हणजे दिवस आणखी कमी उरतील. विमा कंपनीच्या नावाने दोन ओळींचं पत्र लिहा: पॉलिसी क्रमांक, 'अटी मान्य नाहीत, फ्री लुक मुदतीत पॉलिसी परत करत आहे', आणि बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश. पत्र कंपनीच्या शाखेत द्या, प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, आणि तेच कंपनीच्या ईमेलवरही पाठवा. मुद्रांक शुल्क, तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापतील. युनिटचा भाव खाली आला असेल तर तेवढी झळही बसेल. बाकी रक्कम परत येईल. साहेब म्हणतील, 'थांबा ताई, मी बघतो.' त्यांच्या बघण्यात उरलेले दिवस संपतात. पत्र त्यांच्या हाती देऊ नका. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानंतर विमा लोकपाल आहेतच.

एवढी घाई का, ते शिबिराच्या हिशेबात दिसेल. तुमचा हिशेब फक्त शिबिरार्थींचा आहे. दोन शिक्षिका, तुम्ही, आचारी आणि त्याचे दोन मदतनीस कुठे झोपणार, काय खाणार? सहा माणसांच्या तीन खोल्या म्हणजे १८ हजार आणि जेवणाचे साडेसात हजार. माणशी २५० रुपयांत किराणा, दूध, भाजी आणि गॅस येईल, पण आचाऱ्याची मजुरी नाही. तिघांची पाच दिवसांची १५ हजार धरा. खोल्यांच्या मालकाने जीएसटी लावला तर १८ खोल्यांवर ५ टक्क्यांनी साडेपाच हजार. सतरंज्या, औषधांची पेटी, छपाई यांना पाच हजार. बेरीज ५१ हजार झाली. म्हणजे सगळेच्या सगळे ३० जण आले तरी तुम्हाला तेरा-चौदा हजारांचा तोटा आहे.

एक गोष्ट खोल्यांच्या मालकाला आत्ताच विचारा: पहाटे साडेपाचला गरम पाणी कशावर? सौर बंबाचं पाणी आदल्या संध्याकाळी संपलेलं असतं आणि तोरणमाळच्या जानेवारीत तीस माणसं थंड पाण्याने आंघोळ करणार नाहीत. लाकडाचा बंब पेटवायचा तर माणूस आणि सरपण कोणाचं, हे बिलात ठरलेलं असावं. जेवणाचंही तसंच. हिवाळ्यात खानदेशातली माणसं चार रात्री एकत्र राहणार आणि कोणी भरिताचं नाव काढणार नाही, असं होत नसतं. ती एक रात्र भरीत-भाकरीची म्हणून आधीच यादीत घ्या, नाहीतर आचारी ऐनवेळी वांगी, तेल आणि शेंगदाण्यांचं वेगळं बिल लावेल.

आता फी वाढवून तोटा भरता येणार नाही, २२ जणांकडून ७,५०० घेऊन झालेत. तेव्हा खर्चच कापा. शिक्षिका तुम्ही स्वतः आहात, तेव्हा बाहेरून एकच बोलवा आणि तुम्ही दोघी एका खोलीत राहा. आचाऱ्याच्या माणसांना एक खोली पुरे. बस सोडून द्या. भुसावळहून नंदुरबारला रेल्वे जाते. लोकांनी आपापल्या तिकिटाने तिथवर यावं, पुढे दोन लहान गाड्या करा. जाऊन-येऊन १६ हजारांत बसतील. प्रवासातला हा बदल मात्र पैसे भरलेल्यांना आधी सांगा आणि त्यांची संमती घ्या. कारण फी भरताना त्यांनी भुसावळहून बस धरलेली असणार.

असं कापल्यावर २२ जणांसाठी १३ खोल्या, एक शिक्षिका, गाड्या, आचारी, तुम्हा पाच जणांचं जेवण आणि किरकोळ मिळून १ लाख ३९ हजार, वर शिबिरार्थींच्या जेवणाचे साडेसत्तावीस हजार. एकूण १ लाख ६७ हजार. जमा १ लाख ६५ हजार. थोडक्यात, २२ ला जेमतेम बरोबरी, २४ ला चार-साडेचार हजार हाती, आणि ३० भरले तर २३ हजार. तुमच्या पाच दिवसांच्या शिकवण्याचा मोबदला याच्यातच आला. उरलेल्या आठ जागा ८,५०० ला द्या, त्यात गैर काही नाही.

आता रोकड बघा. या १ लाख ६७ हजारांतले ४० हजार दिले, सव्वा लाखाच्या वर द्यायचे आहेत, आणि तुमच्या खात्यात आहेत २५ हजार. कमी पडणारा एक लाख नेमका पॉलिसीत आहे. उरलेले आठ जण येतीलच या भरवशावर किराणा भरू नका. लोकांनी शिबिरासाठी दिलेली फी शिबिर पार पडेपर्यंत तुमची कमाई नव्हे. ती वेगळ्या बचत खात्यात ठेवा, घरखर्चाच्या खात्यात नको.

आता तुमचा प्रश्न. 'फी परत मिळणार नाही' असं सरसकट छापू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एकतर्फी करार आणि नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड यांविरुद्ध तरतूद आहे. शिवाय ज्या २२ जणांनी पैसे भरले, त्यांना तुम्ही तेव्हा कुठलीच अट सांगितली नव्हती. आज छापलेली अट त्यांच्यावर मागून लादता येणार नाही. नियम ठरला की तो त्यांना लेखी पाठवा आणि पटत नसेल त्याला आठवड्याच्या आत पूर्ण फी परत द्या. दोन-चार जण घेतील. घेऊ द्या.

नियम तुमच्या खर्चावरून ठरवा. मालकाला विचारा, कोणत्या तारखेपर्यंत खोल्या कमी केल्या तर भाडं लागणार नाही. समजा तो २० डिसेंबर म्हणाला. त्याआधी कोणी गळलं तर तुमचं फारसं काही जात नाही. पाचशे रुपये कापून बाकी सगळे परत करा. त्यानंतर चित्र बदलतं. दोघांच्या खोलीतला एक गळाला म्हणून भाडं अर्धं होत नाही, गाडीही तेवढीच, शिक्षिकेचं मानधनही तेवढंच. तुमचं वाचतं फक्त त्याचं जेवण, १,२५०. अशा वेळी अर्धी फी म्हणजे ३,७५० परत दिली तर अडीच हजार तुमच्या खिशातून जातात, आणि २४ जणांच्या शिबिरात असे दोघे गळले की नफा संपून पदरचे घालावे लागतात. म्हणून २० डिसेंबरनंतर फक्त जेवणाचे १,२५० परत, आणि शेवटच्या तीन दिवसांत, किराणा भरून झाल्यावर, काहीच नाही. मात्र आपल्या जागी दुसरं माणूस पाठवायची मुभा शेवटच्या दिवसापर्यंत ठेवा. तुम्हाला त्याचा खर्च शून्य आहे आणि निम्मी भांडणं त्यानेच मिटतात.

शिबिर तुमच्याकडून रद्द झालं, म्हणजे शिक्षिका आजारी पडली, घाटरस्ता बंद झाला किंवा माणसंच जमली नाहीत, तर प्रत्येकाला पूर्ण फी परत, आठ दिवसांच्या आत. ही ओळही पत्रकावर छापा. पण ती छापायच्या आधी १ लाख ६५ हजार कुठून काढणार हे ठरलेलं हवं. खर्च झालेले ४० हजार तुमच्या अंगावर येतील.

ते येऊ नयेत म्हणून एक तारीख धरा. २० डिसेंबरला सकाळी २२ पेक्षा कमी नावं असतील तर शिबिर पुढे ढकला, ओढूनताणून घेऊ नका. आगाऊ दिलेले ४० हजार अशा वेळी फेब्रुवारीच्या तारखांना वळते करता येतील का, हे मालकाकडून आत्ताच लिहून घ्या. तोंडी 'हो ताई, बघू' नको, तारीख आणि रकमेसह चार ओळी हव्यात. नाताळची गर्दी सुरू झाली की तो तुमचा फोनही उचलणार नाही.