वजाबाकीत शून्य आलं, तर सुरक्षा गुणक कशाला लावायचा?

पोलादी मेंबरला सुरक्षा गुणक १.६७ न घेता सरळ २ घेतला तर जास्त सुरक्षित नाही का? आणि नव्या लिमिट स्टेट पद्धतीत हा गुणक जातो कुठे?
*– स्थापत्यची विद्यार्थिनी, माटुंगा*

आधी तो जातो कुठे ते पाहू. नेहमीच्या मऊ पोलादाचा यील्ड स्ट्रेस २५० मेगापास्कल. पोलादी बांधकामाची संहिता आयएस ८००, तिच्या १९८४ च्या आवृत्तीत सरळ ताणाखाली त्याच्या ०.६ पट, म्हणजे १५० पर्यंतच स्ट्रेस चालत असे. १ भागिले ०.६ म्हणजे तुमचा १.६७. ही वर्किंग स्ट्रेस पद्धत: भार आहे तसा घ्यायचा आणि सगळी सावधगिरी पोलादाच्या बाजूला ठेवायची. २००७ च्या आवृत्तीत लिमिट स्टेट पद्धत आली: स्वतःचं वजन आणि वापराचा भार दोन्ही १.५ ने वाढवतात, पोलादाची ताकद १.१ ने भागतात. १.५ गुणिले १.१ म्हणजे १.६५. सरळ ताणातल्या साध्या मेंबरला दोन्ही पद्धतींनी जवळपास तेवढंच पोलाद लागतं, ते यामुळे.

खरा फरक दिसतो तो भार एकमेकांच्या विरुद्ध ओढतात तिथे. तिथे तुमचा २ सुद्धा उपयोगी पडत नाही. हे पुढच्या प्रश्नात आकड्यांनीच दाखवतो.

गच्चीवर पत्र्याची पावसाळी शेड टाकतोय. स्लॅबला भोकं पाडली तर गळती लागेल, म्हणून ठेकेदार म्हणतो, प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा ठोकळा ठेवू, वजनानेच शेड बसेल. चालेल का?
*– सोसायटीचे सेक्रेटरी, चेंबूर*

गळतीची तुमची भीती खरी आहे, पण आधी हिशेब बघा. इमारतींवरच्या भारांची संहिता आयएस ८७५, तिच्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. उंची, आजूबाजूच्या इमारती आणि छताचा उतार धरून तुमच्या शेडवर वर उचलणारा दाब चौरस मीटरला १ किलोन्यूटन येतो असं समजू. उंच इमारतीत तो बराच जास्त येऊ शकतो, तेव्हा तुमच्या इंजिनियरकडून खरा आकडा काढून घ्या.

एका खांबाच्या वाट्याला ३ बाय ३, म्हणजे ९ चौरस मीटर पत्रा. वारा ९ किलोन्यूटनने वर ओढणार. पत्रा, पाइप आणि ठोकळा मिळून वजन १० किलोन्यूटन, म्हणजे साधारण एक टन. नुसती वजाबाकी केली तर १ किलोन्यूटन खाली उरतो, स्लॅबमध्ये बोल्ट घेतला असता तरी त्यातला ताण शून्य, आणि कागदावर सगळं ठीक. त्या शून्याला १.६७ ने गुणा नाहीतर २ ने, शून्यच राहणार. जुन्या पद्धतीचे जाणकार म्हणूनच उचल वेगळी तपासत. ती तपासणी राहून गेली, तर स्ट्रेसच्या हिशेबात चूक दिसतच नाही.

इथे मूळ वजाबाकीच नाजूक आहे. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेग सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढला, ४४ चा ४६.४ झाला, की ९ चे १० होतात आणि ठोकळा तरंगायला लागतो.

लिमिट स्टेट दोन्ही भारांकडे वेगवेगळ्या संशयाने बघते. मदत करणारं वजन ०.९ पटच धरायचं, उचलणारा वारा १.५ पट. म्हणजे खाली ९, वर १३.५. साडेचार किलोन्यूटन कमी पडतात, आणि हे आकडा मांडल्याबरोबर दिसतं.

इंग्लंडमध्ये फेरीब्रिज वीजकेंद्राचे तीन कूलिंग टॉवर १ नोव्हेंबर १९६५ ला वादळात कोसळले, त्यामागेही हेच होतं. वाऱ्याचा ताण वजा स्वतःचं वजन, असा छोटासा फरक धरून पोलाद घातलेलं, आणि वारा कमी लेखलेला.

मग ठोकळे मोठे करायचे का? १३.५ ला ०.९ ने भागलं तर खांबामागे एकूण १५ किलोन्यूटन वजन लागेल. ९ चौरस मीटरवर ते सरासरी १.६७ पडतं, आणि वावर असलेल्या गच्चीसाठी संहितेत वापराचा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन धरलेला असतो. शिवाय ठोकळ्याखाली तो एकाच जागी एकवटतो. जुन्या इमारतीच्या स्लॅबवर हे मी करू देणार नाही. बोल्ट स्लॅबमध्ये न घेता खालच्या आरसीसी कॉलमच्या किंवा बीमच्या डोक्यावर घ्या, त्याभोवती छोटं पेडेस्टल बांधून वॉटरप्रूफिंग त्यावर वर चढवून घ्या. गळती तशी थांबते.

अँकर बोल्टच्या कॅटलॉगमध्ये 'शिफारस केलेला भार' आणि 'डिझाइन क्षमता' असे दोन आकडे आहेत. कोणता धरू?
*– साइट इंजिनियर, अंधेरी*

शिफारस केलेल्या भारात सुरक्षितता आधीच वजा केलेली असते, त्याच्यासमोर न वाढवलेला भार ठेवायचा. डिझाइन क्षमतेसमोर १.५ ने वाढवलेला. न वाढवलेला भार डिझाइन क्षमतेशी ताडला, तर भाराच्या बाजूची सावधगिरी गळून पडते आणि ड्रॉइंगवर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून ड्रॉइंगवर प्रत्येक भारापुढे 'वाढवलेला' किंवा 'मूळ' असं लिहाच.

वरच्या शेडचे, ठोकळ्याचं वजन धरून आलेले ४.५ किलोन्यूटन वाढवलेले आहेत, तेव्हा ते डिझाइन क्षमतेशी ताडा; ठोकळा काढलात तर ओढ नव्याने काढा. मूळ भाराने गेलात, तर बोल्टची गरजच नाही असं उत्तर येईल.