चार ओळींत नोकरी कशी सांगावी

उमेदवाराला व्हॉट्सॲपवर जेडीची, म्हणजे कामाच्या वर्णनाची, पीडीएफ पाठवू नकोस. जो नोकरी शोधतच नाहीये, तो ती उघडत नाही. नोटिफिकेशनमध्ये त्याला मेसेजची सुरुवात तेवढी दिसते. ती जागा ‘नमस्कार, कसे आहात’मध्ये घालवू नकोस, स्वतःचं नाव शेवटी टाक.

समजा, पुण्यातली जावाची जागा आहे:

सीनियर जावा बॅकएंड, पेमेंट्सची प्रॉडक्ट कंपनी, बाणेर
काम: जुनी सिस्टिम मायक्रोसर्व्हिसेसवर नेणं, 6 जणांची टीम
28 ते 34 लाख, सगळे फिक्स्ड. आठवड्यात 3 दिवस ऑफिस
90 दिवसांची नोटिस चालेल. गुरुवारी संध्याकाळी 10 मिनिटं बोलूया?

सगळ्यात अवघड दुसरी ओळ. जेडीतल्या पंधरा जबाबदाऱ्यांतून ती निघत नाही. हायरिंग मॅनेजरला विचार, ‘पहिल्या सहा महिन्यांत हा माणूस नेमकं काय करणार?’ त्याचं उत्तर हीच ती ओळ. त्यालाच सांगता आलं नाही, तर मेसेज थांबव.

पगारात ‘बेस्ट इन इंडस्ट्री’ लिहिलंस की समोरचा कमीच धरतो. क्लायंट रेंज देऊ देत नसेल तर निदान ‘34 पर्यंत’ एवढी परवानगी माग. व्हेरिएबल असेल तर वेगळा लिही, नाहीतर ऑफरच्या दिवशी भांडण ठरलेलं. नोटिसचंही क्लायंटकडून आधी पक्कं करून घे. 90 दिवसवाला तीन राउंड देऊन मग नाकारला गेला, तर तो पुन्हा तुझा फोन उचलणार नाही.

उत्तरात ‘लोकेशन? बजेट?’ आलं, तर त्या ओळी नीट उतरल्या नाहीत. ‘टीम नवीन आहे का?’ असं आलं, तर लगेच फोन लाव.