तातडीच्या शिलाईचा जादा आकार

प्रश्न: तातडीचे जादा पैसे सांगितले की ग्राहक म्हणतात, ‘काम तर तेवढंच आहे!’ काय उत्तर द्यावं?

उत्तर: काम तेवढेच आहे हे आधी मान्य करावे, कारण ते खरेच आहे, जादा पैसे वेळापत्रक मोडण्याचे असतात. आठवड्याने मिळणारा कोट परवा हवा असेल, तर कारागिराला रात्री 4 तास थांबवावे लागते, आणि त्या तासांची जादा मजुरी हाच आकाराचा पाया धरून ती पावतीवर मूळ शिलाईखाली वेगळी लिहावी. ग्राहक अडून बसल्यास घासाघीस न करता नेहमीच्या दरात नेहमीची तारीख द्यावी. बरेचदा घाई तिथेच ओसरते. मात्र हातात दुसरे काम नसताना हा आकार लावू नये, आणि ठरलेली वेळ चुकल्यास तो न मागता परत करावा.