विज्ञान मेळ्यात गट कसे फिरवायचे?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातल्या शाळेत चौथी ते सातवीच्या ९० मुलांसाठी एक दिवसाचा विज्ञान मेळा घ्यायचा आहे. टेबलं नववीची मुलं सांभाळतील. गोंधळ कसा टाळायचा?

सहा टेबलं लावा, १५-१५ मुलांचे सहा गट करा आणि शाळेच्या एकाच घंटेवर सगळे गट एकदम पुढच्या टेबलाकडे न्या. प्रयोगाला १५ आणि जागा बदलायला, सामान पुन्हा मांडायला ५, अशी २० मिनिटांची फेरी धरा. सहा फेऱ्या दोन तासांत होतात. तीन खिचडीआधी, तीन नंतर. असे मेळे घेताना दिसतं ते हे की रांग नेहमी सर्वांत हळू टेबलापाशी तुंबते, आणि तिथे बहुधा कापाकापी असते. कागदी भिंगरी करायची असेल तर ९० पट्ट्या आदल्या दिवशीच कापून ठेवा. मुलांनी फक्त दुमडायचं, उंचावरून सोडायचं, पातं लहान करून पुन्हा सोडायचं. आदल्या दिवशी नववीच्या मुलांनी पाच लहानग्यांवर घड्याळ लावून प्रयोग करून पाहावा. १२ मिनिटांवर गेला तर एक पायरी कमी करा. प्रत्येक टेबलावर तिघे हवेत: एक बोलणारा, एक सामान देणारा, एक पुढची मांडणी करणारा. मात्र नववीत १८ मुलं नसतील तर टेबलावरची माणसं कमी करू नका, टेबलंच पाच करा आणि गट १८ चे.