मेलच्या लांब थ्रेडमधून निर्णयांची यादी काढताना

थ्रेड सर्वात जुन्या मेलपासून वाच, पण यादीत शेवटी ठरलेलंच घे. समजा तिसऱ्या मेलमध्ये '१० तारखेला छपाईला देऊ' असं ठरलं, चौदाव्यात 'लोगो बदलतोय, १५ करू का? कागदही जाड घेऊ का?' असं आलं आणि त्यावर साहेबांचं नुसतं 'चालेल' आलं. हे 'चालेल' तारखेला की कागदालाही? इथेच सगळा घोटाळा होतो, म्हणून विचारूनच घे. मग लिही: 'छपाई १५ तारखेला (आधीची १० रद्द), जबाबदारी: मीना.' रद्द तारीख मुद्दाम लिहायची, कारण कुणीतरी अजून १० धरूनच बसलेलं असतं. 'डिझाइनवाले बघतील' याला मालक नाही. तिथे अंदाजाने नाव न घालता 'ठरायचं आहे' लिही. यादीचा क्रम कामाच्या तारखेप्रमाणे लाव.