काका काही म्हणालेच नव्हते

प्रश्न: भाषांतराचा सराव म्हणून एक उतारा इंग्रजीत केलाय. मूळ असं: ‘आजोबांनी वाड्यावर केव्हाच पाणी सोडलं होतं. धाकटे काका म्हणे कोर्टात जाणार होते. काल ते घरी येऊन गेलेत. आईने त्यांना चहाच दिला, जेवायला थांबवलं नाही.’ माझं भाषांतर: ‘ग्रँडफादर हॅड रिलीज्ड वॉटर ऑन द वाडा लाँग अगो. यंगर अंकल सेज ही वॉज गोइंग टु द कोर्ट. यस्टर्डे ही हॅज कम टु द हाउस अँड गॉन. मदर गेव्ह हिम टी ओन्ली, डिड नॉट स्टॉप हिम फॉर ईटिंग.’ स्पेलिंगची एकही चूक नाही, तरी खटकतंय. नक्की कुठे चुकलं?

उत्तर:

तपासताना मी आधी मराठी झाकून ठेवतो आणि फक्त इंग्रजी मोठ्याने वाचतो. मूळ समोर असलं की डोळे दोन्हीकडे जातात आणि इंग्रजीतला खड्डा आपण मराठीने बुजवून पुढे जातो. तुमचं पहिलं वाक्य असं एकटं वाचलं तर आजोबांनी वाड्यावर पाण्याची टाकी उपडी केली असं वाटतं. हे हसण्यावारी जाईल, कारण वाचणाऱ्याला निदान कळतं की काहीतरी बिनसलंय. खरी घातक चूक दुसऱ्या वाक्यात आहे. ते ऐकायला ठीक लागतं, पण अर्थ उलटा सांगतं.

‘म्हणे’ हे तिथे क्रियापद नाहीच. काका काही म्हणालेले नाहीत. ते कोर्टात जाणार असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं आणि ते फिरत फिरत आपल्या कानावर आलं, एवढंच तो शब्द सांगतो. तुम्ही ऐकीव गोष्ट थेट काकांच्या तोंडी घातलीत. ओळखायची सोपी खूण अशी: ‘म्हणे’ काढून वाक्य वाचून बघा. ‘धाकटे काका कोर्टात जाणार होते’ हे धडधाकट उभं राहतं, म्हणजे ‘म्हणे’ ऐकीवपणाचं आहे. ‘तुका म्हणे’मधून ते काढलंत तर हातात नुसता तुका उरतो, म्हणजे तिथे ते खरंखुरं क्रियापद आहे. इंग्रजीत इथे ‘अपेरंटली’ चालेल. ‘सपोजेडली’ मी टाळेन, त्यात ‘आमचा काही विश्वास नाही बुवा’ असा सूर येतो आणि मुळात तो आहे का हे या चार ओळींवरून ठरवता येत नाही.

हे इतकं ताणून सांगतोय कारण मी स्वतः यात पोळलोय. जागेच्या एका वादात साक्षीदाराचं मराठी निवेदन इंग्रजीत करताना मी ‘म्हणे’ हा बोलण्यातला भरणा समजून गाळला. साक्षीदाराने ऐकलेली गोष्ट कागदावर त्याने डोळ्यांनी पाहिल्यासारखी झाली. वकिलांनी कागद परत पाठवला तेव्हा त्या एका शब्दाभोवती लाल गोल होता. ऐकीव आणि पाहिलेलं यांत कोर्ट केवढा फरक करतं ते तेव्हा कळलं.

कोर्टाचं निघालंच आहे तर, ‘गोइंग टु द कोर्ट’ म्हणजे शिवाजीनगरला त्या इमारतीत जाणं, मग कामाला जा की तिथल्या कँटीनला. दावा लावायचा असेल तर ‘द’ जातो: ‘गो टु कोर्ट’.

आता पाणी सोडण्याकडे. दानाचा संकल्प करताना हातावरून पाणी सोडतात, मग ती वस्तू आपली राहत नाही. वाक्प्रचार तिथून आला. इंग्रजीत पाण्याचाच वाक्प्रचार शोधायचा मोह होतो आणि हाताशी ‘वॉश्ड हिज हँड्स ऑफ’ येतं. ते घेऊ नका. त्यात जबाबदारी झटकणं आहे. आजोबांनी जबाबदारी नाही, आशा आणि हक्क सोडला. दुसऱ्या टोकाला ‘रिलिंक्विश्ड’ आहे. अर्थ जवळचा, पण जागेच्या संदर्भात ते वाचून माणूस विचारेल की हक्कसोडपत्र कुठे नोंदवलं? मराठी वाक्यात कागद नाही, आजोबांनी मनाने सोडलंय. म्हणून साधं ‘गिव्हन अप ऑन’ बरं. चित्र गेलं तर जाऊ द्या, अर्थ राहायला हवा. असे वाक्प्रचार अडले तर मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते. फक्त तिथलं इंग्रजी त्या काळचं आहे, प्रतिशब्द जसाच्या तसा उचलू नका.

‘वाडा’ तुम्ही तसाच ठेवलात ते उत्तम. ‘मॅन्शन’ केलं असतंत तर पेठेतला, चौकाभोवती चार बिऱ्हाडं असलेला वाडा संगमरवरी झाला असता. पहिल्यांदा येतो तिथे ‘द ओल्ड फॅमिली हाउस’ एवढं जोडा की झालं.

काळाच्या दोन चुका आहेत. ‘गेलेत’ म्हणजे ‘गेले आहेत’, म्हणून तुम्ही ‘हॅज’ लावलंत. मराठीत ‘काल’ आणि ‘आहेत’ एका वाक्यात सुखाने नांदतात, इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आलं की ‘हॅज’ला जागा नाही. साधा भूतकाळ घ्या: ‘केम’. तसंच ‘अगो’ आजपासून मागे मोजतं आणि ‘हॅड’ त्या प्रसंगापासून मागे, म्हणून तिथे ‘लाँग सिन्स’ बसतं.

शेवटच्या वाक्यात ‘चहाच’मधला ‘च’ सगळं वजन उचलतोय. ‘टी ओन्ली’ आपल्याकडे कुणालाही कळेल, बाहेरच्याला ते अडखळतं. पण त्याहून मोठी अडचण अशी की इंग्रजी वाचकाला चहा म्हणजे पाहुणचारच वाटतो. आईने दिराला जेवायला न थांबवणं हा राग आहे हे त्याला दाखवावं लागेल. (पुण्यात यात विशेष काय, असं म्हणणारे म्हणोत.) ‘स्टॉप हिम’ म्हणजे तर अडवणं, हात धरणं. इथे ‘थांबवलं नाही’ म्हणजे ‘थांबा’ असं म्हटलं नाही. आणि ‘लंच’ की ‘डिनर’ हे मुळात नाही, तेव्हा आपण ठरवायचं नाही. ‘अ मील’ म्हणा.

सगळ्यात शेवटी बारीकसारीक. आई, आजोबा, काका यांना आपण ‘माझे’ लावत नाही, इंग्रजीत लावावं लागतं, नाहीतर ‘मदर’ कुणाची ते कळत नाही. तुमच्या चारपैकी तीन वाक्यांत हे राहिलंय, म्हणजे तो निसटता हात नाही, सवय आहे. पुढच्या वेळी फक्त नात्यांचे शब्द शोधत एक फेरी वेगळी मारा. शेवटच्या वाक्यातल्या दोन भागांना नुसता स्वल्पविराम जोडून धरत नाही, तिथे ‘अँड’ हवं.

मी असं करेन: ‘माय ग्रँडफादर हॅड लाँग सिन्स गिव्हन अप ऑन द वाडा, द ओल्ड फॅमिली हाउस. माय फादर्स यंगर ब्रदर, अपेरंटली, वॉज गोइंग टु टेक द मॅटर टु कोर्ट. ही केम टु द हाउस यस्टर्डे. माय मदर गेव्ह हिम टी अँड नथिंग मोअर, अँड डिड नॉट आस्क हिम टु स्टे फॉर अ मील.’

‘अंकल’ मुद्दाम काढलं. अंकल मामाही असू शकतो, आणि मामाचा या वाड्यात हिस्सा कुठून येणार? ‘यंगर’ मात्र मी अंदाजाने ठेवलंय. ‘धाकटे’ दोघांतलेही असतात आणि चौघांतलेही, दुसऱ्या बाबतीत ‘यंगेस्ट’ लागेल. उताऱ्यात मागेपुढे काका किती आहेत ते बघून तेवढं सांगा.