रक्तदानानंतर नाडी जलद का लागते?

काल ३५० मिली रक्त दिलं. एरवी बसून नाडी ६८ असते, आज ७६ आहे आणि उभं राहिलं की ९५ च्या पुढे जाते. हे किती दिवस चालेल?

बसून पाच-दहा ठोके वाढणं अपेक्षितच आहे. शरीरातलं द्रव कमी झालं की हृदय प्रत्येक ठोक्याला थोडं कमी रक्त ढकलतं आणि ती तूट ठोके वाढवून भरून काढतं. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं, म्हणून फरक तेव्हा जास्त दिसतो. पाणी, ताक, सरबत नीट घेतलंत तर हा द्रवभाग साधारण एक-दोन दिवसांत भरून येतो आणि बसल्याजागची नाडी बहुधा पूर्ववत होते.

लाल पेशी मात्र भरून यायला काही आठवडे लागतात. त्यामुळे जिना चढताना किंवा पळताना नाडी दोन-तीन आठवडे नेहमीपेक्षा जास्त दिसू शकते. घड्याळ बिघडलेलं नसतं!

रक्त देताना किंवा लगेच नंतर घाम, मळमळ, अंधारी आली आणि नाडी ५० च्या आसपास उतरली, तर ते वेगळं प्रकरण. ती चक्कर आहे. आडवं होऊन पाय उंच ठेवले की सहसा काही मिनिटांत उतरते.



मात्र आडवं पडूनही नाडी १०० च्या वर टिकली, किंवा छातीत दुखलं, धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.